बारा टक्के कशाचे?

गेल्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले. वय ६२, बारा वर्षांचा मधुमेह, रक्तदाब आटोक्यात, छातीत कधी दुखलेले नाही. खिशातून त्यांनी एक जुने, जपून ठेवलेले कात्रण काढले. ऍस्पिरिनच्या रोजच्या छोट्या गोळीने मधुमेही रुग्णांतील हृदयविकार व पक्षाघाताचा धोका बारा टक्क्यांनी कमी होतो, आणि ही घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय आहे, असे त्यात छापले होते. गुरुजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एवढे सिद्ध झाले आहे, मग तुम्ही मला ही गोळी का लिहून देत नाही?"

प्रश्न रास्त होता. कात्रणात खोटे काही नव्हते. तरीही त्यावरून गोळी सुरू करणे योग्य ठरले नसते. असे का, ते गुरुजींना सांगायला मला अर्धा तास लागला. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

ज्या प्रयोगाची ती बातमी होती, त्याचे नाव ऍसेंड. तो ब्रिटनमध्ये झाला व त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह असलेले, पण हृदयविकार झालेला नसलेले १५,४८० लोक त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकाला रोज १०० मिलिग्रॅम ऍस्पिरिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सरासरी सात वर्षांहून थोडा अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवले. या काळात ऍस्पिरिन न घेणाऱ्यांपैकी ९.६ टक्के लोकांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तत्सम गंभीर त्रास झाला. ऍस्पिरिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ८.५ टक्के होते.

आता "लक्षणीय" म्हणजे काय ते पाहू. या फरकाची पी व्हॅल्यू ०.०१ होती. याचा अर्थ एवढाच, की गोळीचा मुळीच उपयोग नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात सुमारे एकदा दिसला असता. क्रिकेटचा एखादा कप्तान सलग सात वेळा नाणेफेक जिंकला, तर निव्वळ नशिबाने असे १२८ वेळांत एकदाच घडते. साहजिकच आपल्याला नाण्याचा संशय येतो. पी व्हॅल्यूचे काम हा संशय जागा करण्याचे. नाणे किती वाकडे आहे, हे ती सांगत नाही. गोळी उपयोगी असण्याची खात्री ९९ टक्के आहे, असाही तिचा अर्थ नाही. ही चूक आम्ही डॉक्टरसुद्धा करतो. ०.०५ च्या खाली आकडा गेला की "लक्षणीय" म्हणायचे, हा रिवाज रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाच्या १९२५ सालच्या पुस्तकापासून रूढ झाला. पण घरात आपण लक्षणीय म्हणजे मोठे, महत्त्वाचे असे समजतो. घोटाळा इथेच होतो.

पी व्हॅल्यू माणसांच्या संख्येवरही अवलंबून असते. हाच प्रयोग ४०० लोकांवर केला असता आणि दोनशेत १९ विरुद्ध दोनशेत १७ असे आकडे आले असते, तर प्रमाण तेच असूनही फरक "लक्षणीय नाही" असे छापून आले असते. म्हणून लक्षणीय नाही याचा अर्थ उपयोग नाही असा होत नाही, आणि लक्षणीय आहे याचा अर्थ उपयोग मोठा असाही होत नाही.

मग उपयोग किती? त्यासाठी टक्के सोडून माणसे मोजावीत. हजार मधुमेहींनी सात वर्षे गोळी घेतली नाही, तर ९६ जणांना झटका वगैरे येतो. घेतली तर ८५ जणांना. म्हणजे हजारातले ११ वाचले. शहाण्णवातले अकरा म्हणजे साधारण बारा टक्के. कात्रणातले बारा टक्के हे! गुरुजींना वाटले होते, शंभरातले बारा वाचतात. प्रत्यक्षात शंभरात जेमतेम एक, तोही सात वर्षे रोज गोळी घेऊन.

हा ११ चा आकडासुद्धा पक्का नाही. प्रत्येक प्रयोगासोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणून एक पल्ला दिलेला असतो. शंभर प्रयोगांत या पद्धतीने शंभर पल्ले काढले, तर सुमारे ९५ पल्ल्यांत खरा आकडा सापडतो. इथे तो पल्ला ३ ते २१ टक्के घट असा होता. माणसांत सांगायचे तर हजारात फक्त तीन वाचत असतील किंवा वीसही वाचत असतील; दोन्ही गोष्टी या प्रयोगाशी जुळतात. तीन वाचत असतील तर गोळी घ्यावीशी वाटेल का? पल्ला वाचताना हा प्रश्न त्याच्या दोन्ही टोकांना विचारावा.

आणि कात्रणात न आलेला अर्धा भाग. ऍस्पिरिनने रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. त्याच प्रयोगात गंभीर रक्तस्राव हजारात ३२ ऐवजी ४१ जणांना झाला. नऊ जादा, त्यातले बरेच पोटातील रक्तस्रावाचे. ही वाढही लक्षणीयच होती. तिची पी व्हॅल्यू तर आणखी लहान, ०.००३. पल्ला हजारात सुमारे तीन ते सतरा जादा. अकरांचा लाभ, नऊंचा तोटा. फायदा बराचसा रक्तस्रावाने फिटला, असेच त्या संशोधकांचेही म्हणणे होते.

मी हे शहाणपणाच्या उंचावरून सांगत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेहींना मीही वर्षानुवर्षे ही गोळी लिहून देत होतो. त्यातल्या एका आजींना डांबरासारखे काळे शौचास होऊ लागले. गुडघ्यासाठी त्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत होत्या आणि मी ते विचारले नव्हते. रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. त्या बऱ्या झाल्या, पण हजारातले नऊ म्हणजे कोण, हे मला तेव्हा कळले.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगतो. ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा रक्त गोठून पक्षाघात होऊन गेला आहे, ज्यांना स्टेंट बसवला आहे, त्यांनी हा लेख वाचून ऍस्पिरिन बंद करू नये. त्यांचा मूळ धोकाच मोठा असतो, त्यामुळे गोळीने वाचणाऱ्यांची संख्याही मोठी असते व हिशेब लाभाच्या बाजूने पडतो. गोळी सुरू करणे वा थांबवणे, दोन्ही आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

गुरुजींना आम्लपित्ताचा जुना त्रास आहे. हिशेब समजल्यावर ते म्हणाले, "मग राहू द्या." दुसऱ्या एखाद्याने, ज्याचे वडील व भाऊ झटक्याने गेले आहेत आणि पोट ठणठणीत आहे, कदाचित "द्या" म्हटले असते, आणि तेही चुकले नसते. आकडा दोघांना एकच. निर्णय ज्याचा त्याचा. औषधाच्या बातमीत टक्के छापणाऱ्यांनी किती जणांत किती, किती वर्षांत आणि कोणत्या तोट्याच्या बदल्यात, एवढे तरी छापावे, असे माझे मत आहे. छापले नसेल तर वाचकांनी कात्रण घेऊन दवाखान्यात यावे. गुरुजी आले, तसेच.