युरियाची तक्रार : आधी पावती, मग पोस्ट



"मामा, फेसबुकवर टाका, बघा कसे हलतात," असं परवा एका पोराने मला सांगितलं. हलतात, पण कधी कधी आपणच हलतो. माझी फजिती ऐका.

धानाला युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा होता. 45 किलोची गोणी, सरकारी भाव 266 रुपये 50 पैसे. दुकानदाराने 330 ने लावली. मी तापलो, पाटीसकट त्याचा चेहरा दाखवून व्हिडिओ टाकला, वरून शिव्या. तिसऱ्या दिवशी निरीक्षक आले. तोवर दुकानात भावफलक चकाचक लागला होता. पॉस मशीनमध्ये माझ्या अंगठ्यावर पाच गोण्या, भाव बरोबर 266.50. मी पैसे रोख दिलेले, पावती घेतलीच नव्हती. साहेबांनी काय लिहायचं? 'तक्रारीत तथ्य आढळले नाही.' वरून दुकानदार बदनामीच्या नोटिशीची धमकी देऊन गेला, आणि पुढे माझ्यासाठी युरिया रोजच 'संपला'.

म्हणजे पोस्टने मी चोराला आधीच जागं केलं.

पुढच्या खरिपात दुसऱ्या दुकानात तेच घडलं. या वेळी तोंड बंद ठेवलं. पैसे फोनवरून दिले, पाच गोण्यांचे 1,650. मग पॉसची पावती मागितली. काचकूच केली त्याने, पण खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणे पावती द्यावीच लागते. पावतीवर 1,332.50. दोन कागद शेजारी ठेवले की 317.50 चा फरक आपोआप बोलतो. त्याला शिव्या लागत नाहीत.

हे दोन्ही जोडून तालुका कृषी कार्यालयात अर्ज दिला, पोचवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. आठ दिवस काहीच नाही. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर, एका अर्जासाठी कोण जाईल? इथे मात्र फेसबुक कामाचं. शिक्का मारलेल्या पोचेचा फोटो टाकला, माझा मोबाईल आणि आधारचे आकडे झाकून. दुकानाचं नाव नाही, शिवी नाही. 'अमुक तारखेचा अर्ज, अजून तपासणी नाही' एवढंच लिहून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पेजला टॅग केलं. गावातल्या आणखी चौघांनी आपापल्या पावत्या काढल्या. त्या मी खाली टाकू दिल्या नाहीत, अर्जालाच जोडल्या. दोन दिवसांत फोन आला, तपासणी न सांगता झाली आणि जास्तीचे पैसे परत मिळाले.

पण खरं सांगतो, तोवर धानाला युरिया द्यायची वेळ निघून चालली होती. ज्याच्याकडे त्याच दुकानाची उधारी आहे, त्याने तर नाव पुढे करण्याआधी दहादा विचार करावा. त्याची पावती दुसऱ्याच्या अर्जाला जोडली तरी पॉसमध्ये नाव निघतंच ना बाप्पा.