आरसीवरचा बोजा

गाडीचा शेवटचा हप्ता फिटला तरी आरसीवरचं बँकेचं नाव आपोआप जात नाही. बँकेकडे अर्ज करताना कर्जखाते, गाडी आणि चासी यांचे क्रमांक लिहा. नुसतं कर्ज फिटल्याचं पत्र घेऊन परतू नका. कलबुर्गीच्या आरटीओत, म्हणजे केए-३२ च्या दप्तरात, बोजा उतरवायला बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. त्यावर मालकाचीही सही हवी. आपल्या भागात खरी गोम जुन्या आरसीत असते. तिच्यावर ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ असतं. ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. नोंदीत एक नाव, शिक्क्यात दुसरं, म्हणजे कारकुनाला शंका येणारच! तेव्हा विलीनीकरणाचा उल्लेख पत्रातच मागून घ्या. घरगुती गाडीच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करून बोजा काढायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. धंद्याच्या टेम्पोला मात्र तो धरून चालू नका. नवी आरसी आली की विम्याच्या पॉलिसीतूनही बँकेचं नाव काढून घ्या.