दहा महिन्यांचे वेतन, बारा महिन्यांचे हप्ते

आपल्या समाजातील अनेक लेकी-सुना अमेरिकेतील शाळांत अध्यापन करतात. तेथील अनेक शाळांचा शिक्षकांशी करार सप्टेंबर ते जून असा दहा महिन्यांचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये काम नाही, म्हणून त्या काळाचे वेतनही नाही. घरभाडे व किराणा मात्र थांबत नाहीत. यासाठी दहा महिन्यांचे वेतन बारा हप्त्यांत देण्याची पद्धत रूढ झाली.

व्यापाऱ्याच्या वहीप्रमाणे हा हिशेब मांडून पाहावा. एका शिक्षिकेचे वार्षिक वेतन साठ हजार डॉलर आहे असे मानू. कर वजा होण्यापूर्वी तिची महिन्याची कमाई ६,००० डॉलर, पण हाती येतात ५,०००. उरलेले १,००० शाळेकडे तिच्या नावे येणे राहतात. जूनअखेर हे येणे १०,००० होते आणि जुलै-ऑगस्टमध्ये दोन हप्त्यांत फिटते. म्हणजे उन्हाळ्यातील पैसा हा सुटीचा पगार नव्हे. ती तिचीच साठलेली कमाई होय. तिच्यावर व्याज मिळेलच असे नाही.

येणे-देणे लक्षात न घेतल्यास नोकरी मध्येच सोडताना घोटाळा होतो. ही शिक्षिका जानेवारीअखेर नोकरी सोडते, तेव्हा तिने पाच महिन्यांत ३०,००० कमावलेले असतात आणि २५,००० घेतलेले असतात. शेवटच्या हिशेबात ५,००० मागून घेतलेच पाहिजेत. याउलट, काही ठिकाणी हप्ते जुलैपासूनच सुरू होतात. तेथे डिसेंबरअखेर सहा हप्त्यांचे ३०,००० हाती येतात, पण काम चार महिन्यांचे, म्हणजे २४,००० चे झालेले असते. आता ६,००० परत करावे लागतात. ती उचल होती. म्हणून पहिल्या हप्त्याची तारीख करार करतानाच पाहावी.

बिनपगारी रजेची कपातही अनेकांना चुकीची वाटते. ५,००० ला तीसने भागून १६७ डॉलर कापले जातील, अशी समजूत असते. परंतु करारात कामाचे दिवस १८५ असतील, तर ६०,००० भागिले १८५, म्हणजे एका दिवसाचे सुमारे ३२४ डॉलर कापले जातात. वेतन कामाच्या दिवसांचे असते, हप्त्याच्या महिन्याचे नव्हे.

दहा की बारा हप्ते, ही निवड जेथे शिक्षकाला दिलेली असते, तेथे ती सहसा शालेय वर्षाचे काम सुरू होण्यापूर्वी लेखी कळवावी लागते व वर्षाच्या मध्यात बहुधा बदलता येत नाही. याचे कारण करविषयक आहे. अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये कमावलेल्यांपैकी ४,००० डॉलर पुढील वर्षी हाती येतात व त्यांवरील करही पुढे जातो. कमाई झाल्यानंतर ती कोणत्या वर्षात घ्यावी, हे सोयीनुसार ठरविण्याची मुभा कायदा देत नाही.