धातूच्या भुकटीला आग लागली, तर पाणी मारू नका

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतील कारखानदार, वर्कशॉपवाले, भंगार व्यावसायिक आणि कामगार बंधू-भगिनींनो,

सोलापूर हे कापडाचं गाव. 18 मे 2025 रोजी अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले, ती आग आपण विसरलेलो नाही. सूत, चिंध्या, लाकूड पेटलं की पाणी मारायचं, हे आपल्या हातात भिनलेलं आहे आणि ते बरोबरच आहे. पण त्याच एमआयडीसीत ज्या शेडमध्ये अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा टायटॅनियमचा बारीक चुरा निघतो, तिथे ही सवय जीव घेऊ शकते.

उमरेडची घटना आठवा. 11 एप्रिल 2025 रोजी नागपूर जिल्ह्यातील उमरेड एमआयडीसीत अ‍ॅल्युमिनियम पावडरच्या कारखान्यात स्फोट झाला आणि कामगार दगावले. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चुलीवर ठेवला तरी पेटत नाही. त्याचीच पिठासारखी भुकटी केली की प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा मिळते आणि हवेत उडालेला ढग एका ठिणगीने फुटतो.

आता पाणी का नको, ते पाहा. पेटलेला मॅग्नेशियम इतका तापलेला असतो की तो पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा करतो. एक किलो मॅग्नेशियमला त्यासाठी पाऊण लिटर पाणी पुरतं आणि त्यातून सुमारे हजार लिटर हायड्रोजन निघतो. अ‍ॅल्युमिनियमपासून तर तेराशे लिटरच्या वर. हा वायू तिथेच पेट घेतो. शिवाय पाण्याची झटक्यात वाफ होऊन जळते कण अंगावर उडतात ते वेगळेच. म्हणजे अर्धी बादली पाणीसुद्धा छोट्या आगीचा स्फोट करायला पुरेसं आहे.

मग कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर? जळता मॅग्नेशियम त्या वायूतलाही ऑक्सिजन घेतो आणि मागे काळा कार्बन सोडतो. ज्याने आग गुदमरायला हवी, त्यावरच ती जगते. टायटॅनियम तर नायट्रोजनमध्येसुद्धा जळतो. भिंतीवर टांगलेला नेहमीचा एबीसी पावडरचा लाल सिलिंडरही इथे चालत नाही. त्याचा जोराचा फवारा पेटलेल्या ढिगावर पडला की भुकटी हवेत उडते, आणि त्या ढगाचा भडका फवारा मारणाऱ्याच्या तोंडावर येतो.

समजा, ग्राइंडिंगच्या टेबलाखालच्या तसराळ्यात दोन-तीन किलो मॅग्नेशियमचा चुरा पेटला. डोळे दिपवणारा पांढरा उजेड आणि दाट पांढरा धूर, ही त्याची खूण. उजेडाकडे टक लावून पाहू नका. पंखा आणि डस्ट कलेक्टर बंद करा, माणसं बाहेर काढा. नंतर लांब दांड्याच्या फावड्याने कोरडं मीठ किंवा ‘डी’ वर्गाची पावडर आधी ढिगाभोवती कड्यासारखी टाका आणि मग हलक्या हाताने वरून पसरा, ढीग न हलवता. उजेड कुठे फुटला, तर तिथे आणखी टाका. वरचा थर राखाडी दिसला म्हणजे आतली आग विझली असं नाही. तो थर फोडून पाहिला की हवा लागून पुन्हा पेटतं, म्हणून निदान दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.

वाळूबद्दल स्पष्ट सांगतो. लहान आगीला पूर्ण कोरडी वाळू चालते, पण तापलेला मॅग्नेशियम वाळूशीही क्रिया करतो, म्हणून मीठ किंवा ‘डी’ पावडर बरी. आणि पावसाळ्यात शेडबाहेर उघडी टांगलेली वाळूची बादली ओलीच असते. ती या आगीवर टाकणं म्हणजे पाणीच टाकणं. झाकणाचा डबा आत ठेवा.

आणखी एक मर्यादा ध्यानात घ्या. फटाक्यांच्या दारूत धातूच्या भुकटीबरोबर ऑक्सिजन देणारं रसायन मिसळलेलं असतं, त्यामुळे ती मीठ-वाळूखाली गुदमरत नाही. 1 जानेवारी 2023 रोजी बार्शी तालुक्यात पांगरीजवळच्या फटाका कारखान्यातील स्फोटात महिला कामगार गेल्या. तिथल्या भगिनींनो, मिश्रण पेटलं तर विझवायला थांबू नका, पळा.

भंगारवाल्यांनी ओला अ‍ॅल्युमिनियम चुरा बंद ड्रममध्ये भरू नये. आत हायड्रोजन साठतो आणि ढीग आपोआप तापतो.

आजच आपला सिलिंडर उतरवा आणि त्यावर कोणती अक्षरं आहेत ते वाचा. ‘डी’ नसेल, आणि आपल्याकडे धातूची भुकटी निघत असेल, तर त्या टेबलाजवळ कोरड्या मिठाचा झाकणबंद डबा आणि लांब फावडं या आठवड्यात ठेवा. आग लागली तर 101 वर फोन करताना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘धातूची भुकटी पेटली आहे, पाणी मारू नका.’