दोन पेडलांचा आधार

चाळिशीनंतर प्रथमच चालकाच्या आसनावर बसणाऱ्या भित्र्या व्यक्तीस ड्रायव्हिंग स्कूल बरे की घरी येणारा खाजगी शिक्षक? याचा निर्णय शिक्षकाच्या पायांपाशी होतो. स्कूलच्या मोटारीत त्याच्या बाजूसही क्लच व ब्रेक असतात; नियमानेच ती दुहेरी सोय आवश्यक आहे. घरच्या मोटारीत शेजारी बसलेल्याच्या हाती फार तर हँडब्रेक येतो. म्हणून आरंभ स्कूलमध्येच करावा.

मात्र याच सोयीमुळे चूक झाकली जाते. रोज अर्ध्या तासाप्रमाणे वीस दिवसांत दहा तास भरतात. परंतु त्या काळात चढावरचा क्लच शिक्षकच सांभाळत राहिला, तर पुढे घरची गाडी चढावर बंद पडते वा मागे घसरते, आणि भीती दुणावते. यास्तव दहाव्या दिवसाच्या सुमारास, मोकळ्या रस्त्यावरील सौम्य चढावर, शिक्षकास पेडलवरून पाय काढून घेण्यास सांगावे. तीन वेळा गाडी सुरळीत निघाली, तर हात बसला असे समजावे. त्यानंतर घरच्या मोटारीवर पुढेमागे लाल 'एल' लावून, परवानाधारक खाजगी शिक्षकास शेजारी बसवून, दुकानाच्या नित्याच्या वाटेवर आठवडाभर सराव करावा.