चिठ्ठी नको म्हणणारा तुमचा हितचिंतक नव्हे

‘डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही. पार्सलवर औषधाचं नाव नाही. कुणाला कळणार नाही.’ लिंगाच्या ताठरतेच्या गोळ्या ऑनलाइन विकणाऱ्यांच्या या जाहिराती माझ्या मोबाइलवर येतात आणि माझं डोकं फिरतं. मी औषधविक्रेता आहे, नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल ही दोन औषधं आपल्याकडे दुर्मीळ नाहीत, फार महागही नाहीत. देशी कंपन्यांच्या गोळ्या गावोगावच्या मेडिकलमध्ये असतात. तरीही माणसं अनोळखी वेबसाइटवर पैसे भरतात, कारण त्यांना ओळखीच्या केमिस्टसमोर उभं राहायचं नसतं. या लाजेवरच हा सगळा धंदा चालतो, आणि तो माणसं मारू शकतो.

सिंगापूरमध्ये हे घडलेलं आहे. २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत तिथल्या सरकारी रुग्णालयांत १५० माणसं रक्तातली साखर धोकादायकरीत्या घसरलेल्या अवस्थेत दाखल झाली. त्यांतल्या एकालाही मधुमेह नव्हता. १५० पैकी १४९ पुरुष. तपासणीत १२७ जणांच्या शरीरात ग्लिबेनक्लॅमाइड सापडलं. हे मधुमेहाचं औषध, साखर खाली आणणारं. ते आलं होतं कामशक्ती वाढवण्याच्या नावाखाली विकलेल्या मालातून: टाडालाफिलच्या एका नामांकित ब्रँडच्या नकली गोळ्या आणि ‘वनौषधी’ म्हणून खपवलेली काही उत्पादनं. मेंदूला साखर मिळाली नाही म्हणून सात जण दीर्घकाळ बेशुद्ध राहिले. त्यांतले चौघे गेले.

आणि त्या १५० जणांपैकी अशी गोळी घेतल्याचं कबूल केलं फक्त ४५ जणांनी. ग्लिबेनक्लॅमाइडचा असर तासन्‌तास राहतो. सलाइनमधून ग्लुकोज देऊन रुग्ण शुद्धीवर आला तरी साखर पुन्हा कोसळू शकते. अशा वेळी ‘काय घेतलं होतं?’ या प्रश्नाचं खरं उत्तर मिळणं किती गरजेचं असतं, हे वेगळं सांगायला नको. गुपचूप विकत घेतलेली गोळी दवाखान्यातही गुपचूपच राहते, ही या व्यवहारातली सर्वांत घातक गोष्ट आहे.

मला नेहमी विचारतात, नकली गोळी ओळखायची कशी? काही खुणा नक्की आहेत. पट्टीवर ‘आरएक्स’ची खूण, डाव्या बाजूला उभी लाल रेघ आणि ‘शेड्यूल एच’चा इशारा असला पाहिजे. उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तारखा, किंमत हे सगळं वाचता आलं पाहिजे. पट्टीवरचा बॅच नंबर आणि मुदत बाहेरच्या खोक्याशी आणि बिलाशी जुळली पाहिजे. स्पेलिंगमध्ये चूक, पुसट छपाई, भुगा सुटणारी गोळी, सुट्ट्या गोळ्यांची पिशवी, यांतलं काहीही दिसलं तर ती गोळी तोंडात घालू नका. बिलच नसेल तर प्रश्नच मिटला: तो माल कुठून आला, हे कुणीही कधीच सिद्ध करू शकणार नाही.

पण या खुणांवर विसंबून निर्धास्त होऊ नका. खुणा चुकलेल्या असतील तर गोळी नकली म्हणता येते. खुणा बरोबर असल्या म्हणून ती खरी ठरत नाही. छपाई कुणालाही करता येते. ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा झाला तो ठरावीक ३०० ब्रँडांना. म्हणजे कोड नसणं हा गुन्हा नव्हे आणि कोड असणं ही हमी नव्हे, कारण खऱ्या पट्टीवरचा कोडही उचलून छापता येतो. सिंगापूरच्या गोळीत ग्लिबेनक्लॅमाइड आहे हे डोळ्यांना दिसलं नव्हतं, ते प्रयोगशाळेत कळलं. म्हणून गोळी निरखण्याआधी विकणारा निरखा. परवान्याचा क्रमांक, दुकानाचा खरा पत्ता, फार्मासिस्टचं नाव आणि बॅच नंबर असलेलं बिल तो देत नसेल, तर तिथे खरेदी करू नका. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, तासाभरात परिणाम’ म्हणणाऱ्यांपासून तर चार हात लांब राहा. अशा ‘नैसर्गिक’ उत्पादनांत न सांगता सिल्डेनाफिल घातलेलं जगभर वारंवार सापडलेलं आहे.

आता चिठ्ठीकडे येतो. समजा, ५५ वर्षांचा एक गृहस्थ आहे. मधुमेह आहे, चढ चढताना छातीत दुखतं, म्हणून खिशात सॉर्बिट्रेट. सॉर्बिट्रेट हे नायट्रेट. ते शरीरात नायट्रिक ऑक्साइडचं काम करून रक्तवाहिन्या सैल करतं. तो सैलपणा टिकवणारा एक रासायनिक निरोप असतो, आणि एक विकर त्याला मोडून टाकतं. सिल्डेनाफिल नेमकं त्या विकरालाच अडवतं. म्हणजे एक औषध निरोप वाढवतं आणि दुसरं तो संपू देत नाही. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब झपाट्याने कोसळतो आणि हृदयाला रक्त पुरत नाही. इथे गोळी अस्सल कंपनीची असली तरी सुटका नाही. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट द्यायचं नसतं. छातीत दुखतंय म्हणून हा माणूस रात्री रुग्णालयात पोचला आणि गोळीबद्दल गप्प बसला, तर प्रामाणिकपणे उपचार करणारा डॉक्टरच त्याला नायट्रेट देईल.

चिठ्ठी देणारा डॉक्टर हे आधीच विचारतो: छातीत दुखतं का, कुठली औषधं चालू आहेत, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेता का. शिवाय तो रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल बघतो, आणि त्याला कारण आहे. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे रक्तवाहिन्या बिघडू लागल्या की त्रास आधी तिथे जाणवतो. हृदयविकाराची लक्षणं त्यानंतर काही वर्षांनी येऊ शकतात. ती काही वर्षं हीच उपचाराची संधी असते. चिठ्ठीशिवाय गोळी विकणारा तुमची ही संधी हिरावून घेतो आणि वर त्याला ‘सोय’ म्हणतो.

चिठ्ठीचं नाटक करणारेही आहेत. चार चौकोनांवर टिचकी मारायला लावतात आणि कुणा न पाहिलेल्या डॉक्टरच्या नावाचा कागद पाठवतात. ती तपासणी नव्हे. व्हिडिओवर बोलणारा, नाव आणि नोंदणी क्रमांक देणारा डॉक्टर घरबसल्या मिळू शकतो. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी तो रस्ता खुला केला आहे. लाज वाटत असेल तर तो रस्ता धरा.

सरकारलाही मी सोडणार नाही. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये निघाला, डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्री थांबवायला सांगितलं, आणि मसुदा मात्र वर्षानुवर्षं मसुदाच राहिला. माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगतो: चिठ्ठी न बघता, एक प्रश्न न विचारता ही गोळी कागदात गुंडाळून देणारा केमिस्ट त्या वेबसाइटइतकाच दोषी आहे. आणि गिऱ्हाइकाकडे बघून डोळे मिचकावणारा कामगार काउंटरवर असेल तर त्याला आजच समज द्या, कारण त्याच्यामुळेच माणसं त्या वेबसाइटकडे पळतात.