सोपे करा, पण संज्ञा ठेवा

संपादक महोदय,

‘प्रकाशसंश्लेषण’सारखे शब्द पाठातून काढा, ही गेल्या अंकातील पत्रलेखकाची सूचना मला मान्य नाही. ‘झाड उन्हात अन्न बनवते’ एवढेच लिहिले, तर हरितद्रव्य, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तिन्ही गळतात. अडचण संज्ञेची नाही, पाठातील लांबलचक वाक्याची आहे. ते तोडावे: ‘पानात हरितद्रव्य नावाचा हिरवा पदार्थ असतो. तो सूर्यप्रकाशातील ऊर्जा शोषतो. त्या ऊर्जेने पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेले पाणी वापरून अन्न बनवते. तेव्हा ऑक्सिजन बाहेर पडतो. या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणतात.’ शब्द वाढले, तरी वाचणे सोपे झाले. मग मुलांना विचारावे: पाने पिवळी पडली तर अन्न कमी का बनते? हरितद्रव्य गाळलेल्या पाठातून याचे उत्तर सापडणार नाही.

– एक विज्ञान शिक्षिका, सातारा